फोटो गेला, प्रश्न मागे राहिला

आम्ही बोरीहून बोलतोय, जिंतूर तालुक्यातून. बोरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या बैठका घेणं, हिशेब बघणं, नोंदी तपासणं हे आमचं रोजचं काम. आता बैठक महिन्यातून दोनदा-चारदा होते, पण गटाचं बोलणं दिवसभर चालू असतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. पीक, जनावर, कर्जाचा कागद, भाव, सगळ्याचे फोटो तिथंच पडतात आणि त्या फोटोंवरून प्रश्न विचारले जातात. आज त्याच फोटोंबद्दल बोलायचं आहे. गटातला जुना फोटो कधी कधी उघडत नाही. बोलणं असतं, प्रश्न असतो, उत्तरही असतं, पण ज्या फोटोवरून ते सगळं चाललं होतं तो फोटोच नसतो. असं का होतं आणि त्यातून नुकसान कसं होऊ शकतं, ते आज नीट समजून घेऊ.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकू. आपल्याला वाटतं, आपण फोटो पाठवला म्हणजे तो त्या मेसेजमध्ये जाऊन बसला, जसा कागद पाकिटात बसतो. तसं नसतं. त्यापेक्षा पिठाच्या गिरणीचं उदाहरण घ्या. आपण ज्वारीचा डबा गिरणीवर ठेवून येतो आणि घरी निरोप देतो की डबा गिरणीवर आहे, जाता-येता घेऊन या. निरोप घरी पोचला, पण डबा अजून गिरणीवरच आहे. कुणी जाऊन आणला तर तो घरी येईल. नाही आणला तर गिरणीवाला चार-आठ दिवस ठेवील, वर्षभर काही ठेवणार नाही. त्याला रोज नवे डबे येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना हेच होतं. आपला फोन आधी फोटो लहान करतो, त्याला कुलूप लावतो आणि कंपनीच्या दूरच्या संगणकावर ठेवून येतो. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. गटात जो मेसेज जातो त्यात तीन गोष्टी असतात: फोटो कुठं ठेवलाय त्याचा पत्ता, त्या कुलपाची किल्ली, आणि फोटोची नखाएवढी अंधुक नक्कल. तो पत्ता म्हणजेच लिंक. समोरच्या बाईचा फोन त्या पत्त्यावर जातो, फोटो उतरवून घेतो, किल्लीनं कुलूप उघडतो आणि फोटो तिच्या फोनमध्ये साठवतो. त्यानंतर तो फोटो तिच्या घरचा झाला.

सर्व्हरवरची प्रत मात्र तात्पुरती असते. जो मेसेज कुणाच्या फोनवर पोचलाच नाही, तो व्हॉट्सअ‍ॅप जास्तीत जास्त 30 दिवस ठेवतं आणि मग पुसून टाकतं, हा त्यांचा जाहीर नियम आहे. फोटोंच्या प्रतीही कायमच्या ठेवत नाहीत. पोचवण्यापुरत्या आणि पुढं पाठवण्याच्या सोयीपुरत्या काही काळ ठेवतात. म्हणजे पत्त्याला मुदत आहे, आणि ही मुदत मेसेजवर कुठं लिहिलेली नसते. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, फोटोच्या लिंकवर नसते.

हे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच होतं असं नाही. जगभरातली तरुण मंडळी गप्पांसाठी डिस्कॉर्ड नावाचं अ‍ॅप वापरतात. त्यांनी 2023 मध्ये जाहीर केलं, की गप्पांतल्या फोटोची लिंक कुणी बाहेर नेऊन चिकटवली तर ती 24 तासांनी बंद पडेल. लिंक भलत्याच माणसाच्या हाती पडली तर फोटो कायम उघडा राहू नये, हा त्यामागचा एक विचार. दुसरं कारण जागेचं. कोट्यवधी लोकांचे फोटो कायम सांभाळायला खर्च येतो. म्हणून मुदत ठेवण्यात काही लबाडी नाही. आपल्याला ती माहीत असली म्हणजे झालं.

आता खरी अडचण कुठं आहे ते ऐका. फोटो गेला तर तो पूर्ण नाहीसा झाला असता तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं. पण ती नखाएवढी अंधुक नक्कल मेसेजच्या आतच असते. ती सर्व्हरवर नसते, त्यामुळं ती राहते. गटात वर सरकत गेलात की ती दिसते आणि आपल्याला वाटतं फोटो आहे. एवढंच नाही, कुणी त्या फोटोला धरून उत्तर दिलं, म्हणजे फोटोवर बोट दाबून किंवा तो बाजूला ओढून खाली आपला मेसेज लिहिला, तर त्या मेसेजसोबतही तीच बारकी नक्कल चिकटून येते. त्यामुळं फोटो जाऊन महिना झाला तरी त्याच्या सावलीवर प्रश्न-उत्तरं चालूच राहतात.

यातून काय होऊ शकतं, ते एका उदाहरणानं बघू. उदाहरण सोयाबीनचं घेऊ, कारण आपल्या भागात ते घरोघर आहे.

समजा, एका ताईनं जूनच्या शेवटच्या आठवड्यात सोयाबीन पेरलं. 18 जुलैला तिनं गटात पानांचा फोटो टाकला आणि लिहिलं, “पानं पिवळी पडलीत, काय करू?” गटातल्या कृषी सखीनं फोटो उघडून मोठा करून बघितला. वरची कोवळी पानं पिवळी होती, पण त्यांच्या शिरा हिरव्या होत्या. जमीन चुनखडीची. ही लोहाच्या कमतरतेची खूण. चुनखडीच्या रानात लोह जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाही, म्हणून कोवळं पान शिरांच्या मधे पिवळं पडतं. तिनं उत्तर दिलं, “लोहाची फवारणी करा, हिरवं होईल.” पहिल्या ताईनं केली, आठ-दहा दिवसांत पानं सुधारली. तिनं गटात लिहिलं, “गुण आला.”

इथपर्यंत सगळं बरोबर आहे. आता 27 ऑगस्ट उजाडला. दुसऱ्या एका ताईच्या रानात पानं पिवळी दिसायला लागली. तिला आठवलं की गटात असं काही झालं होतं. तिनं वर सरकून तो फोटो शोधला, त्यालाच धरून लिहिलं, “आमच्याही पानांना असंच झालंय. तेच फवारू का?”

आता बघा, तिला काय दिसत होतं. तिनं जुलैमध्ये तो फोटो उघडलाच नव्हता, कारण तेव्हा तिचं सोयाबीन ठीक होतं आणि डेटा वाचवायला तिच्या फोनवर फोटो आपोआप उतरायचं बंद केलेलं होतं. म्हणजे तिच्यासमोर होती ती अंधुक नक्कल. नखाएवढ्या धुरकट चित्रात शिरा हिरव्या की पिवळ्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. हिरव्यात पिवळं एवढंच दिसतं. तिच्या रानातही हिरव्यात पिवळं होतं. म्हणून तिला वाटलं, असंच झालंय.

कृषी सखीनं तो प्रश्न वाचला. मधल्या काळात तिच्या फोनची जागा भरली होती, घरातल्या कुणीतरी गॅलरीतले जुने फोटो काढून टाकले होते. तिनं फोटोवर बोट ठेवलं तर तो उतरेना. आता तिच्यापुढं दोन वाटा आहेत. एक म्हणजे वरचं बोलणं वाचायचं: “पानं पिवळी”, “लोहाची फवारणी”, “गुण आला”. त्यावरून “हो, तेच फवारा” असं लिहून मोकळं व्हायचं. दुसरी वाट म्हणजे थांबून म्हणायचं, “ताई, तो फोटो आता उघडत नाही. तुमच्या पानांचा नवा फोटो पाठवा.”

पहिली वाट सोपी आहे, पण तिथंच धोका आहे. सोयाबीनचं पान पिवळा मोझॅक नावाच्या रोगानंही पिवळं पडतं. तो विषाणूचा रोग आहे आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. त्यात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी सारखी जाळी दिसत नाही. पानावर पिवळ्या-हिरव्या रंगाची वेडीवाकडी ठिगळं दिसतात, आणि सुरुवातीला रानात अशी झाडं इथं एक, तिथं एक अशी विखुरलेली असतात. या रोगावर लोहाचा काहीही उपयोग नाही. विषाणू झाडात गेला की ते झाड बरं करणारं औषध नाही. रोगट झाडं दिसताच उपटून रानाबाहेर नेऊन नष्ट करायची, पिवळे चिकट सापळे लावायचे आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना विचारून करायचा. दुसऱ्या ताईनं लोह फवारून आठ-दहा दिवस गुण येण्याची वाट बघितली, तर फवारणीचे पैसे गेले ते गेलेच, पण त्या आठ-दहा दिवसांत माशी चांगल्या झाडांवर रोग घेऊन गेली.

यात चूक नेमकी कशात झाली असती? जुलैचं उत्तर बरोबर होतं. ऑगस्टचा प्रश्नही साधा होता. फक्त “असंच” हा शब्द ज्याच्याकडं बोट दाखवत होता, ती गोष्टच तिथं उरलेली नव्हती. “असंच”, “वरच्यासारखं”, “तेच”, “त्या फोटोतलं” हे शब्द फोटो समोर असेपर्यंतच खरे असतात.

आता कामाची गोष्ट. फोटो खरोखर आपल्याकडं आहे का, हे कसं ओळखायचं?

पहिली खूण म्हणजे धुरकट चित्र आणि त्यावर खाली जाणारा बाण. बाणाशेजारी कधी कधी फोटोचा आकार, म्हणजे केबी किंवा एमबीचा आकडा असतो. बाण दिसतोय म्हणजे फोटो अजून आपल्या फोनमध्ये उतरलेला नाही, किंवा उतरला होता पण नंतर पुसला गेला. बाणावर बोट ठेवा. सर्व्हरवर प्रत असेल तर फोटो येईल. नसेल तर पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, अशा अर्थाची सूचना येईल.

दुसरी पक्की कसोटी म्हणजे फोनचं इंटरनेट बंद करायचं. मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा आणि मग फोटो उघडा. स्वच्छ आणि मोठा उघडला, बोटांनी मोठा करून शिरासुद्धा दिसल्या, तर तो फोटो तुमच्या फोनमध्ये आहे. नाही उघडला तर तुमच्याकडं फक्त पत्ता आहे. ही कसोटी कुणालाही जमते. बैठकीत एकदा सगळ्या जणींनी मिळून करून बघा, कुणाच्या फोनमध्ये काय आहे ते लगेच समजेल.

इथं एक गैरसमज सांगून ठेवतो. काही जणी महत्त्वाच्या फोटोवर ताऱ्याची खूण करतात, म्हणजे `Star` करतात, आणि तो सांभाळला असं समजतात. तारा मेसेजला लागतो. पुढं मेसेज सापडायला तो उपयोगी आहे, पण गॅलरीतून फोटो पुसला तर तारा तसाच राहतो आणि फोटो उघडत नाही.

आणखी दोन गोष्टी फोटो लवकर घालवतात. गटात `Disappearing messages` चालू असेल तर मेसेज ठरलेल्या मुदतीनं पुसले जातात. ही मुदत 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस अशी असते. आणि एकदाच बघायचा म्हणून, म्हणजे `View once` करून पाठवलेला फोटो एकदा उघडला की परत उघडत नाही, आणि 14 दिवसांत उघडलाच नाही तर तसाच जातो. पिकाचा, जनावराच्या जखमेचा किंवा नोंदवहीच्या पानाचा फोटो असा कधी पाठवू नका.

फोटो उघडला नाही, तर तो कायमचाच गेला असंही समजू नका. सर्व्हरवरून गेला तरी कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये तो असू शकतो. गटात तीस जणी असतील तर त्यातल्या दहा-पंधरा जणींच्या फोनवर तो तेव्हा उतरला असेल. आधी ज्या ताईनं पाठवला तिला विचारा. तिनं कॅमेऱ्यानं काढला असेल तर मूळ फोटो तिच्या कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये असेल, आणि तो गटातल्या फोटोपेक्षा जास्त स्वच्छ असेल, कारण गटात जाताना फोटो लहान होतो. तिच्याकडं नसेल तर गटात सरळ विचारा, “18 जुलैचा सोयाबीनच्या पानाचा फोटो कुणाकडं उघडतोय का?” जिच्याकडं उघडतो तिनं तो पुन्हा गटात टाकायचा. तिनं टाकला की सर्व्हरवर नवी प्रत जाते आणि नवा पत्ता तयार होतो. जुन्या मेसेजमधला जुना पत्ता मात्र बंदच राहील, म्हणून पुढचं बोलणं नव्या फोटोला धरून करायचं.

शोधताना फाईलच्या नावाचा उपयोग होतो. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेल्या फोटोचं नाव असं दिसतं:

```
IMG-20250718-WA0003.jpg
```

यातला मधला आकडा म्हणजे तारीख: 2025 साल, 07 वा महिना, 18 तारीख. मात्र तोच फोटो आज कुणी पुन्हा पाठवला तर तुमच्या फोनवर त्याच्या नावात आजची तारीख लागेल. म्हणून जुना फोटो परत टाकताना खाली लिहायचं, “हा 18 जुलैचा फोटो आहे.” नाहीतर जुलैचं पान ऑगस्टचं समजून नवाच घोटाळा होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विचारायचं कसं आणि उत्तर द्यायचं कसं. फोटो गेला तरी प्रश्न पांगळा होऊ नये, अशा पद्धतीनं लिहायचं.

फोटो टाकताना त्याच्याच खाली चार गोष्टी लिहा. काय आहे, कधीचं आहे, कुठलं आहे, आणि डोळ्यांना काय दिसतंय. अक्षरं मेसेजच्या आत राहतात, त्यांना सर्व्हरवर जाऊन आणावं लागत नाही. फोटो उडाला तरी ती राहतील. आपल्या उदाहरणातल्या पहिल्या ताईनं असं लिहिलं असतं: “सोयाबीन, पेरून तीन आठवडे झाले, चुनखडीचं रान. वरची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. खालची पानं चांगली. सगळ्या रानात सारखं आहे.” मग ऑगस्टमध्ये दुसऱ्या ताईनं हे वाचून आपलं पान हातात धरून बघितलं असतं, आणि शिरांपाशीच तिला कळलं असतं की आपलं वेगळं आहे.

उत्तर देणारीनंही नुसतं “लोहाची फवारणी करा” असं लिहू नये. आपण फोटोत काय बघितलं आणि त्यावरून काय ठरवलं, ते लिहावं: “शिरा हिरव्या आणि मधे पिवळं दिसतंय, म्हणून लोह कमी आहे. ठिगळं असती तर दुसरा रोग असता.” एवढ्या एका ओळीनं ते उत्तर फोटोशिवायही उभं राहतं. “हो”, “तेच”, “बरोबर”, किंवा नुसता अंगठा, हे उत्तर फोटो असेपर्यंतच उत्तर असतं.

जुन्या गोष्टीवरून नवा प्रश्न विचारायचा असेल तर आपला आजचा फोटो काढून टाका. जुन्या फोटोशी तुलना करायची असेल तर तो आधी इंटरनेट बंद करून उघडून बघा आणि उघडत असेल तर दोन्ही फोटो शेजारी टाका. गटात नवी आलेली बाई असेल, तर तिला जुनं बोलणं कुणी मुद्दाम पाठवल्याशिवाय दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. तिच्यासाठी “वरचा फोटो” म्हणजे काहीच नाही.

आणि आपण उत्तर देणाऱ्या असू, आणि फोटो उघडत नसेल, तर तेच पहिलं वाक्य लिहायचं. फोटो उघडत नाही, हे सांगण्यात कसला कमीपणा नाही. अंधुक नकलेवरून किंवा वरच्या बोलण्यावरून अंदाजानं सांगितलेलं उत्तर ऐकणाऱ्या बाईला पूर्ण खात्रीचं वाटतं, कारण तिला माहीत नसतं की आपण फोटो बघितलाच नाही.

गटाच्या कामाच्या फोटोंसाठी एक छोटी सोय करून ठेवा. सचिवांनी किंवा गटानं ठरवलेल्या एका ताईनं पिकाच्या सल्ल्याचे, कागदपत्रांचे आणि नोंदवहीचे फोटो त्याच दिवशी उघडून फोनमध्ये वेगळ्या अल्बममध्ये ठेवावेत. तिच्या फोनवर `Settings`, मग `Storage and data`, आणि तिथं `Media auto-download` मध्ये फोटो चालू ठेवले तर ते आपोआप उतरतील. बाकीच्या जणींनी डेटा वाचवायला बंद ठेवलं तरी चालेल. पण फोटो हा नोंदवहीच्या जागी नाही. सल्ला मिळाला की तारीख, काय दिसलं, काय करायला सांगितलं आणि काय झालं, या चार ओळी बैठकीच्या वहीत लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटात दोन महिन्यांपूर्वीचे पाच फोटो शोधा, इंटरनेट बंद करा आणि उघडून बघा. जे उघडणार नाहीत, त्यांच्यावरून गटात नंतर कुणी काही विचारलं होतं का ते बघा. विचारलं असेल, तर त्या ताईला तिच्या रानातलं पान घेऊन बैठकीला यायला सांगा.